१२.००० : बारा की बारा हजार?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत परदेशातून एन्क्वायरी येणं आता नवलाचं राहिलेलं नाही. समजा, अशाच एखाद्या फाउंड्रीकडे जर्मनीतल्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याचा कागद आला. सोबत बेअरिंग हाउसिंगचं ड्रॉइंग आणि भरून पाठवायचा छापील तक्ता. तक्त्यात नगांच्या रकान्यात आकडा आहे १२.००० आणि वजनाच्या रकान्यात २,४५० किलो. एक्सपोर्टचं टेबल सांभाळणारा मुलगा नवा आहे. तो वाचतो : नग बारा, वजन दोन हजार चारशे पन्नास किलो.

जर्मन माणसाने लिहिलं होतं नेमकं उलटं. वर्षाला बारा हजार नग हवेत, आणि एका नगाचं वजन दोन किलो चारशे पन्नास ग्रॅम. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांचे गट पाडायला टिंब वापरतात. आपण ब्रिटिशांकडून उलट पद्धत घेतली.

पंपाचं असं बेअरिंग हाउसिंग अडीच टनांचं नसतं, त्यामुळे वजनाची चूक ड्रॉइंगवरची मापं पाहताच उघडी पडते. नगांची मात्र पडेलच असं नाही. आपल्याकडच्या कित्येक अकाउंटिंग आणि ईआरपी प्रोग्रॅममधून निघणारी चलनं नगसुद्धा तीन दशांशस्थळांपर्यंत छापतात : १२.००० नग. ते रोज पाहणाऱ्याला हा आकडा परका वाटतच नाही. शिवाय बारा नग ही सॅम्पलची अगदी पटण्याजोगी ऑर्डर आहे. म्हणून तो सॅम्पलचा रेट काढतो, त्यात पॅटर्नचा आणि कोअर बॉक्सचा खर्च बारा नगांवर वाटतो आणि कोटेशन पाठवून देतो. जर्मन खरेदी विभागाला रेट अवाच्या सवा दिसतो. ते बहुधा कारण विचारणार नाहीत, फाइल बाजूला ठेवतील. फाउंड्रीला कळतं ते एवढंच, की काम मिळालं नाही.

अशा कागदांत सगळ्यात हसू येईल अशी चूक सगळ्यात कमी नुकसान करते. खरं नुकसान होतं ते दोन्ही वाचनं पटण्याजोगी असतात तिथे. हजार नग, प्रत्येकी सव्वा किलो, असा माल असेल तर एका नगाचं वजन १,२५० किलो असं लिहिलं जाईल आणि साऱ्या मालाचं वजनही साडेबाराशे किलोच भरेल. आकडा बरोबर, ओळ चुकीची, आणि भाड्याचा हिशेब करणाऱ्याला शंकाही येत नाही.

गोंधळाला एक ठरावीक जागा आहे. ४,१२ किंवा ४,१२५० असं लिहिलं तर जगात कुठेही वाचणारा थोडं थांबून ओळखतो, की हे हजार नव्हेत, कारण हजारांचा गट तीन आकड्यांचाच असतो. ४,१२५ मात्र दोन्हीकडे खपतं. एकच चिन्ह आणि त्याच्यानंतर बरोबर तीन आकडे, एवढी ती जागा. दुर्दैवाने कारखानदारीत तीन दशांशस्थळं सर्रास लागतात : किलोमध्ये लिहिलेलं वजन ग्रॅमपर्यंत जातं आणि मिलिमीटरमधलं माप मायक्रॉनपर्यंत. म्हणून अनुभवी माणसं हलकं वजन ग्रॅममध्येच लिहितात. २४५० ग्रॅम. टिंब नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्न नाही. किमती दोन किंवा चार दशांशस्थळांपर्यंत द्यायच्या, तीन नाहीत, हीही जुनी आणि चांगली सवय आहे. तिला अपवाद आखाती गिऱ्हाइकांचा. कुवेतच्या दिनाराचे हजार फिल्स होतात आणि बहरीन व ओमानच्या चलनाचेही हजारच भाग आहेत. तिथल्या किमतीत तीन दशांशस्थळं रीतसर येतात आणि ती कापून चालत नाही.

जगाने यावर काहीच ठरवलं नाही असं नाही. वजन-मापांची आंतरराष्ट्रीय महासभा १९४८ साली यावर बोलली आणि २००३ साली तिने पुन्हा ठराव केला. दशांशचिन्ह टिंब असेल किंवा ओळीवरचा स्वल्पविराम, दोन्ही मान्य. मोठ्या संख्येचे तीन-तीन आकड्यांचे गट वाचायला सोपे जावेत म्हणून मध्ये जागा सोडावी, पण त्या जागेत टिंबही घालू नये आणि स्वल्पविरामही नाही. म्हणजे भांडण दशांशावर मिटलं नाही, तरी हजारांवर मिटलं. बारा हजार म्हणजे १२ ०००. जर्मनही हे बिनचूक वाचतो, अमेरिकनही, आणि हजारांसाठी वर लोंबणारं चिन्ह लावणारा स्विस माणूसही. आपल्या लाख-कोटीच्या स्वल्पविरामांना मात्र देशाबाहेर कुणी ओळखत नाही. १,२०,००० पाहून परदेशी माणसाला वाटतं, एक शून्य गळलं असावं. मग तो बारा लाख धरतो की एक लाख वीस हजार, हे त्याच्या मनावर.

कागदावरचा मजकूर निदान माणूस तरी वाचतो. संगणक वाचतो तेव्हा तो शंकाही घेत नाही. कोटेशनचा तक्ता ईमेलमध्ये साधा मजकूर म्हणून लिहून पाठवला, आणि जर्मनीतल्या माणसाने तो उचलून आपल्या एक्सेलमध्ये चिकटवला, तर आपले ४.१२५ युरो तिथे बिनबोभाट चार हजार एकशे पंचवीस होतात. आपण ४.१२ लिहिलं असेल तर गंमत आणखी वाढते. जर्मन सेटिंगचं एक्सेल त्याला तारीख समजतं आणि पेशीत चार डिसेंबर उमटतो. उलट, जर्मन ४,१२५ आपल्या संगणकावर आलं की तेही चार हजारांच्या घरात जातं. काही वेळा एक्सेल गोंधळतं आणि तो आकडा शब्दासारखा ठेवून देतं. अशी पेशी डावीकडे चिकटलेली दिसते आणि खाली `SUM` लावला तर ती बेरजेत धरलीच जात नाही. रकान्यातला एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला तर तिथे बोट ठेवावं.

एक्सेलची मूळ फाइल पाठवली तर हा धोका बराच टळतो. फाइलच्या पोटात संख्या चिन्हनिरपेक्ष साठवलेली असते. उघडणाऱ्याच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ती पडद्यावर टिंबाने किंवा स्वल्पविरामाने दिसते, इतकंच. सीएसव्ही फाइलला हे भाग्य नाही. ती निव्वळ मजकूर असते, आणि तिच्यात रकाने वेगळे करायला स्वल्पविराम लागतो. जर्मनांचा स्वल्पविराम दशांशात गुंतलेला असल्यामुळे ते तिथे अर्धविराम वापरतात :

```
Pos;Menge;PE;Preis;Waehrung
10;12000;100;412,50;EUR
```

ही आपल्या उदाहरणातल्या हाउसिंगचीच ओळ आहे. हजारांचं चिन्ह इथे मुळीच नाही, कारण महासभेने सुचवलेली मधली जागाही संगणकाला खुपते आणि तो संख्येला शब्द समजू शकतो. माणसासाठी १२ ०००, यंत्रासाठी १२०००, हा फरक पाळावा लागतो. छापील कागदावर मधली जागा सोडताना ती न तुटणारी जागा असावी. नाहीतर ओळीच्या शेवटी १२ राहतात आणि तीन शून्यं पुढच्या ओळीत जातात.

त्या ओळीत `PE` नावाचा एक लहानसा रकाना आहे. दिसायला बापुडवाणा, पण दशांशापेक्षा जास्त दगा तो देतो. जर्मन खरेदीत किंमत किती नगांची, हे तो सांगतो. तिथे १०० छापलेलं असेल तर ४१२,५० युरो ही शंभर नगांची किंमत झाली आणि एक नग पडला ४.१२५ युरोला. ही पद्धत जर्मनांनी उगाच काढलेली नाही. सेंटच्या खालचा अर्धा सेंट जपायचा तर किंमत शंभरावर सांगणं सोयीचं पडतं. नगाची किंमत ओढूनताणून ४.१२ केली तर बारा हजार नगांत साठ युरो फाउंड्रीचे गेले, ४.१३ केली तर साठ युरो गिऱ्हाइकाचे.

पण आपल्या माणसाला नगाचा रेट लिहायची सवय. त्याने `PE` कडे न पाहता रेटच्या रकान्यात ४,१३ भरलं की कागद सांगतो : शंभर नग चार युरो तेरा सेंटला. वर्षाचा सगळा माल पाचशे युरोच्या आत. इतकी मोठी चूक पकडली जाते, पण तिची दुरुस्ती करणारं पत्र लिहावं लागतं आणि पहिल्याच व्यवहारात गिऱ्हाइकाच्या मनात फाउंड्रीविषयी जी पाल चुकचुकते ती पत्राने जात नाही. `PE` मध्ये १०० ऐवजी १००० असेल आणि वस्तू वॉशरसारखी स्वस्त असेल, तर दहापट चूकही खपून जाऊ शकते.

अशा चुका पकडायचं हत्यार फाउंड्रीवाल्यांच्या हातात आधीपासून आहे. कुठल्याही कास्टिंगचा रेट त्यांच्या डोक्यात किलोवर असतो. २.४५ किलोच्या हाउसिंगला ४.१२५ युरो म्हणजे किलोला सुमारे १.६८ युरो. हा आकडा धंद्यातल्या माणसाला लगेच बरा-वाईट ठरवता येतो. पाठवण्याआधी तीन हिशेब उलटे करून पाहावेत : किलोला काय पडलं, बारा हजार नगांचे किती झाले, आणि सगळ्या मालाचं वजन किती भरलं. उत्तरं येतात १.६८ युरो, ४९ ५०० युरो आणि २९.४ टन. यातलं एक जरी विचित्र दिसलं तर कुठेतरी चिन्ह घसरलं आहे. वर्षाची एकूण रक्कम कोटेशनवर लिहायलाही हरकत नसते, उलट ती असावीच. रेट आणि नग यांचा गुणाकार तिच्याशी जुळला नाही तर वाचणारा विचारतो, आणि विचारलं की चूक सापडते. रक्कम अक्षरी लिहिण्याची आपली जुनी रीत इथे फार उपयोगी आहे. फक्त अक्षरांत लाख येऊ देऊ नये.

चलनाची चिन्हं दिसायला ठसठशीत असली तरी कोटेशनसाठी ती अपुरी आहेत. डॉलरचं चिन्ह अमेरिकेचंही आहे आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँगचंही. जपानी येन आणि चिनी युआन एकच चिन्ह लावतात, आणि दोघांच्या किमतीत मोठी तफावत आहे. शांघायच्या आणि ओसाकाच्या पुरवठादारांचे कोअर बाइंडरचे भाव शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस या चिन्हावर विसंबला तर चांगलाच फसेल. ‘रु.’ पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका आणि मॉरिशसचाही आहे.

आपलं ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. ते डी. उदय कुमार यांनी रेखाटलं होतं. यूनिकोडमध्ये त्याला जागा मिळेपर्यंत लोकांनी एक खास फॉन्ट वापरला, ज्यात कीबोर्डवरच्या उलट्या अवतरणचिन्हाच्या जागी रुपया बसवला होता. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला किमतीच्या आधी नुसतं एक तिरकं टिचभर चिन्ह दिसायचं. आजही परदेशी संगणकावर जुना फॉन्ट असेल तर ₹ च्या जागी रिकामा चौकोन उमटतो. त्याहून वाईट प्रकार एक्सेलमध्ये होतो. पेशीला नुसतं ठरलेलं चलनाचं रूप दिलेलं असेल तर काही वेळा चिन्ह फाइलमध्ये नसतंच. ते बघणाऱ्याच्या संगणकाच्या सेटिंगमधून येतं, म्हणजे एका देशात डॉलर म्हणून पाठवलेली किंमत दुसऱ्या देशात रुपयांत दिसू शकते आणि आकडा तोच राहतो.

इलाज साधा आहे. चिन्ह सोडून तीन अक्षरी संकेत लिहावा : `INR`, `EUR`, `USD`, `JPY`, `CNY`. हे संकेत आयएसओ ४२१७ या मानकाने ठरवलेले आहेत, कुठल्याही कीबोर्डवर टाइप होतात आणि फॉन्ट बदलला तरी बिघडत नाहीत. एक्सेलमध्ये त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा, किमतीच्या पेशीत नुसता आकडा.

राहिली एककं. मीटर आणि किलो सगळीकडे सारखेच, मग अडचण कसली, असं वाटेल. ओतकामातला लोखंडाचा ग्रेडच पाहा. जर्मन ड्रॉइंग जुनं असेल तर त्यावर जीजी-२५ लिहिलेलं असतं, नवं असेल तर जीजेएल-२५०. लोखंड तेच. जुन्या नावातला आकडा ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किती किलो हे सांगायचा, नव्या नावातला न्यूटनमध्ये सांगतो. एकक बदललं आणि आकडा दसपट झाला. अमेरिकन ड्रॉइंगवर याच्याच आसपासचं लोखंड क्लास ३५ म्हणून येतं, कारण तिथे हिशेब दर चौरस इंचाला हजार पौंडांचा. आपल्या भारतीय मानकातला एफजी २६० याच शेजारात बसतो, पण तो जीजेएल-२५० नव्हे. २५, २५०, ३५ आणि २६० हे चार आकडे चार वेगळ्या लोखंडांचे आहेत असं समजून नवख्याने २५ ला ‘कच्चं’ म्हणावं, यात त्याचा दोष थोडा. कोटेशनमध्ये ग्रेडचं नाव मानकाच्या क्रमांकासह, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगवर आहे तसंच उतरवायचं. ‘आमच्याकडे याला अमुक म्हणतात’ हे वेगळ्या ओळीत लिहावं, ग्रेडच्या जागी नाही.

दाबाची गोष्ट याहून बारीक आहे. पंपाच्या कास्टिंगला गळती आहे का, हे दाब देऊन तपासतात. ड्रॉइंग म्हणतं ६ बार. आपल्याकडच्या कित्येक गेजवर अजून चौरस सेंटिमीटरला किलो हे माप असतं, आणि सहा किलो म्हणजे ५.८८ बारच. काटा सहावर, चाचणी मात्र दोन टक्क्यांनी कमी. शिवाय सहा बार कुठून मोजायचे? गेज हवेच्या दाबाला शून्य धरतो. निर्वातापासून मोजलं तर तोच दाब सुमारे सात होतो. कोटेशनमध्ये ‘गेज’ हा शब्द लिहिला नसेल तर दोघंही बरोबर असतात आणि माल परत येतो.

शून्य जुळलं नाही की काय होतं, याचं एक ढळढळीत उदाहरण ऱ्हाइन नदीवर आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये लाउफेनबुर्ग इथे पूल बांधताना २००३ साली दोन्ही बाजूंची उंची जुळेना. जर्मनी उंची मोजतो उत्तर समुद्राच्या पातळीपासून, स्वित्झर्लंड भूमध्य समुद्राच्या. फरक २७ सेंटिमीटरचा, आणि तो अभियंत्यांना ठाऊकही होता. दुरुस्ती करताना बेरीज-वजाबाकीची दिशा उलटी झाली आणि २७ चे ५४ झाले. मीटर दोन्हीकडे एकच होता.

टनाचंही तसंच. फाउंड्रीला लागणारं लोखंडी भंगार अमेरिकेतून घ्यायचं तर तिथला भंगार बाजार ग्रॉस टनात बोलतो, म्हणजे २२४० पौंड किंवा सुमारे १०१६ किलो. त्याच देशात नुसता टन म्हटलं तर २००० पौंड, सुमारे ९०७ किलो. पाचशे टनांच्या सौद्यात एका वाचनाने ५०८ मेट्रिक टन माल येतो, दुसऱ्याने सुमारे ४५४. आपण लिहितो ते ‘एमटी’ही परक्या माणसाला नेहमी उमगत नाही. पाच लाख किलो म्हणावं, पण आकड्यात : ५०० ००० किलो.

हे सगळं प्रत्येक कोटेशनच्या वेळी आठवत बसायचं काम नाही. लेटरहेडखाली चार ओळी कायमच्या छापून टाकता येतात. दशांशासाठी टिंब, हजारांसाठी मोकळी जागा. किंमत एका नगाची, `EUR` मध्ये. वजन ग्रॅममध्ये, मापं मिलिमीटरमध्ये. दाब बारमध्ये, गेजवरचा. टिंब निवडायचं की स्वल्पविराम, यावर फार घोळ घालू नये. कोटेशन इंग्रजीत असेल तर टिंब, जर्मनमध्ये असेल तर स्वल्पविराम, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जोडपत्रापर्यंत एकच. अडचण मुख्यतः जोडपत्रांत होते. पुढचं पान नीट टाइप केलेलं असतं आणि मागे जोडलेलं मशीनिंगच्या खर्चाचं विवरण दुसऱ्या पुरवठादाराने त्याच्या पद्धतीने पाठवलेलं, तसंच चिकटवलेलं.

जिथे गिऱ्हाइकाच्या पोर्टलवरच आकडे भरायचे असतात तिथे या चार ओळी लिहायला जागा नसते. पोर्टल कुठलं चिन्ह मानतं हे भरणाऱ्याला आधी कळत नाही. अशा वेळी पहिल्या ओळीत नग, `PE` आणि रेट भरून पोर्टल स्वतः गुणाकार करून कोणती रक्कम दाखवतं ते बघावं. हाउसिंगच्या ओळीत ४९ ५०० च्या जागी ४९५ किंवा साडेचार कोटींच्या पुढचा आकडा दिसला तर ‘सबमिट’ दाबू नका. गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला फोन करा आणि तो आकडा तोंडाने सांगून खात्री करून घ्या.